नोटिशीतलं सातवं कलम

नवजीवन सोसायटीच्या फलकावर एरवी लागायचं ते पाण्याच्या टँकरचं, नाहीतर लिफ्ट बंद असल्याचं. त्यामुळे हौसराव आप्पा ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी कागद घेऊन सुवर्णाच्या घरी आले आणि म्हणाले, "मॅडम, काशीची नोटीस काढायचीय," तेव्हा दिवाणावर शेंगा फोडत बसलेल्या तिच्या सासूबाईंचे, तुळजाबाईंचे हात थांबले.

हौसराव सोसायटीचे सचिव. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून सगळी नोकरी झाली, त्यामुळे दौंडात कुणाला कुठं जायचं असलं की लोक वेळापत्रक बघायच्या आधी त्यांना विचारत. सुवर्णा शिरूरच्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. रोज चौफुला, न्हावरा करत एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. सोसायटीचं लिखाण तिच्याकडं आपसूक आलेलं.

"लिहा," हौसराव म्हणाले. "सर्व ज्येष्ठ सभासदांस आग्रहाचं निमंत्रण. काशी, प्रयागराज आणि सारनाथ. निघायचं डिसेंबरात, सोमवारच्या गाडीनं. गाडी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला येते, आपण पाचला फलाटावर. आन् हे ठळक करा, गाडी जंक्शनला येत न्हाई. कॉर्ड लाईनच्या स्टेशनला थांबती. रिक्षावाल्याला तसंच सांगायचं, न्हाईतर अर्धी जनता जंक्शनवर चहा पीत बसायची आणि गाडी पलीकडनं जायची."

सुवर्णानं ठळक केलं.

"आता बर्थ. थ्री एसी. तिकिटं दोघादोघांची काढायची. एका तिकिटावर तिसरं माणूस आलं की ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा लागत न्हाई. लोकांना वाटतं सगळे एकत्र काढले की एकत्र बसू. एकत्र बसतात, पण वरच्या बर्थवर. बाईमाणसाला पंचेचाळीसपुढं, पुरुषाला साठपुढं. तो कोटा पण डब्यात चार-पाचच बर्थचा. मिळाला तर मिळाला, न मिळाला तर मधला. मग ज्याचे गुडघे बरे त्यानं वर जायचं."

"माझं गुडघं बरं हायेत," तुळजाबाई म्हणाल्या.

"तुमचं नाव पहिलं, काकी," हौसराव हसले. "नावं या रविवारी संध्याकाळपर्यंत. सोमवारी सकाळी आठला आरक्षणाची खिडकी उघडती, आम्ही तिथं उभे. त्यानंतर आलेल्याला बर्थ न्हाई. औषधाचं तुमचं तुम्ही घाला, मॅडम. ते आमच्यापेक्षा तुम्हाला कळतं."

ते गेले. तुळजाबाईंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "सारनाथ म्हंजी कुठं?"

"काशीच्या जवळच, आई."

"आन् डब्यात झोपायला गादी असती?"

"बर्थ असतो. रेल्वे चादर देते, ब्लँकेट देते."

"चादर पण देती," तुळजाबाई स्वतःशीच म्हणाल्या.

पाटसच्या रानात खुरपताना बांधापलीकडनं जाणाऱ्या गाड्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. उसाला पाणी धरायचं आणि गाडी आली की उभं राहून डबे मोजायचे. बसल्या त्या मात्र फक्त पाटस ते दौंड, बाजाराला. तुळजापूर, जेजुरी सगळं एसटीनं. नवरा गेल्यावर मुलानं, विश्वजीतनं त्यांना फ्लॅटवर आणलं, आणि फ्लॅट नेमका रुळांच्या अंगाला. शिटी वाजली की त्या अजूनही खिडकीकडं बघायच्या.

सुवर्णानं औषधांचं लिहायला घेतलं. हे काम तिला आवडायचं. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या प्रवासात एकही दिवस चुकवू नयेत. गाडी धुक्यानं लांबू शकते, म्हणून दोन दिवसांची औषधं जादा घ्यावीत. गोळ्या डबीत काढून न ठेवता पाकिटासकट आणाव्यात, म्हणजे गरज पडली तर दुसऱ्या डॉक्टरला नाव कळतं. निम्मी औषधं बर्थखालच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या पर्समध्ये ठेवावीत. इन्सुलिन थर्मासात, पण बर्फाला टेकवून नको. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी शौचालयाच्या भीतीनं ती परस्पर बंद करू नये, वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारावं. पाणीही कमी पिऊ नये.

सहा मुद्दे झाले. सगळे बरोबर होते. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

इथं ती थांबली.

सकाळची चादर मधल्या खोलीत पंख्याखाली वाळत होती. बाल्कनीत तार होती, ऊन होतं, पण समोरच्या झुंबरबाईंची बाल्कनी अगदी हाताच्या अंतरावर. सारखी चादर धुतलेली दिसली की बायका विचारणारच. वर्षभर हे चाललं होतं. तुळजाबाईंना झोपेत लघवी व्हायची, कळायचं नाही. रोज नाही, आठवड्यातनं दोनदा, कधी तीनदा. सुवर्णानं डॉक्टरांना दाखवलं होतं, औषध चालू होतं, आणि रात्रीसाठी पॅड ती स्वतः आणायची. दौंडच्या दुकानातनं नव्हे. शिरूरच्या स्टँडसमोरच्या दुकानातनं, वर्तमानपत्रात गुंडाळून, जर्नलच्या गठ्ठ्याखाली दाबून. दुकानदाराला तिनं कॉलेजच्या लॅबसाठी म्हणून सांगितलं होतं.

तिला तो डबा दिसला. खालचा बर्थ, रेल्वेची पांढरी चादर, समोर झुंबरबाई, वर हौसराव, पहाटेचा चहावाला, आणि आईंच्या लुगड्याला मागं पसरलेला डाग. सोबत कुणी जायचं म्हणजे तिनंच. विश्वजीतला सणसवाडीच्या कंपनीत शिफ्ट. आणि आईचं असलं काम मुलानं करायचं हा विचारही त्या घरात कुणी केला नसता. डिसेंबरात कॉलेजचं गॅदरिंग होतं, प्रॅक्टिकलची तयारी होती. रजाही होती, शिल्लक पडलेली. पण गॅदरिंगचं नाव पुढं आलं.

पॅड लावून, निजायच्या आधी आणि मध्ये एकदा उठवून, दोन परकर जादा घेऊन हा प्रवास सहज होतो, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनं दोन मिनिटांत सांगितलं असतं.

तिनं सातवा मुद्दा लिहिला. 'ज्यांना रात्री बर्थवरून उतरून स्वतः शौचालयात जाता येत नाही किंवा लघवीवर ताबा राहत नाही, अशा सभासदांसोबत साठ वर्षांखालील नातेवाईक असणे बंधनकारक आहे. अन्यथा त्यांनी नाव देऊ नये.'

वाचून पाहिलं. बाकीच्या सहा मुद्द्यांच्या ओळीत तो असा बसला होता की वेगळा दिसत नव्हता. हौसरावांना फोनवर पाठवला तर त्यांचं उत्तर आलं, 'उत्तम. आम्हाला हे सुचलंच नसतं.'

रात्रीच्या भाकरी झाल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "काय लिवलंस ते वाच बरं."

त्यांना वाचता येत नव्हतं. सुवर्णानं सगळं वाचून दाखवलं. कॉर्ड लाईन, बर्थ, थर्मास. सातव्याला आवाज बदलू नये म्हणून तिनं जरा घाईनं वाचलं.

तुळजाबाईंनी कागदाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हे कुणी काढलं?"

"नियम असतो हो आई. असल्या सहलींना लावतातच."

"तू यशील का संग?"

"कॉलेजचं गॅदरिंग आहे ना नेमकं."

"व्हय," तुळजाबाई म्हणाल्या. "नियमच असला तर काय करायचं." आणि शेंगांची टरफलं गोळा करायला लागल्या. टरफलं संध्याकाळचीच होती, कधीच गोळा झालेली. त्या रिकाम्या दिवाणावरून हात फिरवत होत्या.

सुवर्णाला वाटलं, सुटले. आणि तसं वाटल्याचं तिला लगेच कळलं.

शनिवारी ती शिरूरहून लवकर आली तेव्हा जिन्याखाली फलकासमोर बायका जमल्या होत्या. झुंबरबाई चष्मा कपाळावर सरकवून नोटीस वाचत होत्या, मोठ्यानं, शेजारच्या सारिकासाठी. सारिकाची सासू पण जायची होती.

"सात नंबर ऐक. लघवीवर ताबा राहत न्हाई अशा सभासदांसोबत..." झुंबरबाईंनी चष्मा खाली घेतला. "ही कुणाची आठवण काढली गं एवढी?"

"कुणाची?" सारिका म्हणाली.

"आता मी काय नाव घेऊ. तळमजल्यावर बघ की. कसल्या पिशव्या टाकती कचऱ्यात, कचऱ्यावाली सांगत होती. जन्म गेला बेडपॅन उचलण्यात, आता स्वतःवर आलं."

तळमजल्यावर भागुबाई राहायच्या. रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या, निवृत्त होऊन पाच-सहा वर्षं झाली. नवरा नाही, मुलगा सम्राट नाशिकला. सोसायटीत बौद्धांची तीन घरं होती, त्यातलं एक त्यांचं. नोटीस लागल्याबरोबर पहिलं नाव त्यांनीच दिलं होतं, हौसरावांच्या दारात उभं राहून, तिकिटाचे पैसे आगाऊ हातात घेऊन. सारनाथ दिसलं म्हणून, पुढचं न वाचताच.

"कमिटीनं बरं केलं पण," झुंबरबाई सुवर्णाकडं वळल्या. "तोंडावर कसं सांगायचं माणसाला? कागदानं सांगितलं. तुमचीच अक्कल असणार, मॅडम. एका डब्यात, आपण देवाला जायचं, सोवळ्यात नाही तरी बाई निदान..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती.

सुवर्णा म्हणू शकली असती, तसं काही नाही झुंबरबाई. एवढं तरी म्हणता आलं असतं. तिच्या खांद्यावर जर्नल्सची पिशवी होती आणि गठ्ठ्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट. तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "पाणी आलंय का वर?"

"आलंय," झुंबरबाई म्हणाल्या.

ती जिना चढून गेली.

रविवारी दुपारी दाराची बेल वाजली. भागुबाई होत्या. इस्त्रीची पांढरी साडी, काठ निळे, केस नीट बसवलेले. आत या म्हटलं तर आल्या नाहीत.

"न्हाई, बसत न्हाई. एवढंच सांगायला आले, मॅडम. संध्याकाळी मीटिंगला माझं नाव वाचायच्या आत काढा. हौसरावांना सांगायला मला बरं वाटंना, पुरुष माणूस. तुम्ही बाई आहात, वर तुम्हीच लिहिलंय म्हणाले ते."

"का काढायचं, मावशी?"

"सातमध्ये बसते मी." भागुबाईंनी ते असं सांगितलं जसं कुणी रक्तगट सांगावा. "पिशवीचं ऑपरेशन झालं तवापासून. खोकला आला, जड उचललं की होतं. रात्री पण. पॅड वापरते. मला कुणाची मदत लागत न्हाई, माझी मी बघते. पण कागदावर नातेवाईक बंधनकारक लिहिलंय आणि सम्राटला रजा न्हाई. खोटं सांगून जायचं मला जमायचं न्हाई. आयुष्यभर दुसऱ्याच्या केसपेपरवर खरं लिहा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागले, आता माझ्याच बाबतीत काय लपवू."

"मावशी, तुमचं तुम्हाला करता येतं तर..."

"तसं लिहायला पायजे हुतं मग." त्या रागावल्या नव्हत्या. "लिहिताना तुम्ही विचार केलाच असंल की. शिकलेल्या आहात. बायका म्हणतात ते कलम माझ्यासाठीच घातलंय. मी म्हटलं, असू दे. कुणी दुसरं सांगायच्या आत आपणच बाजूला झालेलं बरं."

सुवर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तुमच्यासाठी नव्हतं, मावशी."

भागुबाईंनी क्षणभर तिच्याकडं बघितलं. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबल्या. पुढचं वाक्य सुवर्णाच्या ओठापर्यंत आलं होतं. नक्की कुणासाठी होतं ते सांगायला तीनच शब्द लागले असते. मागं दिवाणावर तुळजाबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या, आणि मण्यांचा आवाज मघाशीच थांबला होता.

"बरं," भागुबाई म्हणाल्या. "सारनाथला जाणार असतील त्यांना सांगा, तिथली पिंपळाची पडलेली पानं आणायची. तोडून न्हाई, पडलेली." आणि जिना उतरून गेल्या. एका हातानं कठडा धरून, सावकाश.

सुवर्णानं दार लावलं. माळ परत सुरू झाली.

मीटिंग पार्किंगमध्ये, मोटारसायकली बाजूला घेऊन. प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं. हौसराव मध्ये उभे, हातात जोड्या लावलेला कागद. सुवर्णा दुपारभर एक वाक्य घोळवत होती. सातव्या मुद्द्यात जरा चूक झाली, तो सक्तीचा नाही, सूचना म्हणून धरावा. टायपिंगमध्ये राहिलं. असं म्हटलं की भागुबाई येतील, आणि कुणाला काही विचारायचं कारण उरणार नाही. वाक्य चांगलं होतं. त्यात कुणीच दोषी नव्हतं.

तुळजाबाई आज खाली आल्या होत्या. "नाव द्यायचं न्हाई, पण ऐकाया काय हरकत," म्हणून काठी टेकत आल्या आणि भागुबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. ती खुर्ची रिकामीच होती. भागुबाईंच्या पलीकडचीही.

हौसरावांनी वाचायला सुरुवात केली. जोडी एक, जोडी दोन. पाचव्या जोडीला ते अडले. "भागुबाई, तुमची जोडी लागंना. तुम्ही एकट्याच राहताय."

"माझं नाव काढलंय ना," भागुबाई सुवर्णाकडं बघून म्हणाल्या.

"कशापायी?" हौसराव म्हणाले.

झुंबरबाई पदराआडून हसल्या. एकदोघी खाली बघायला लागल्या. सुवर्णा उठली. "आप्पा, ते सातव्या मुद्द्याबद्दल मला बोलायचं होतं. तो जरा... म्हणजे तो सक्तीचा नव्हता लिहायचा. टाइप करताना..."

"टाइप करताना काय?" हौसराव म्हणाले. "मॅडम, तुम्हीच पाठवला की मला. मी तर उत्तम म्हटलं होतं. मग नियम हाय का न्हाई? उद्या आठला खिडकीवर उभं राहायचंय, आता काय ते ठरू द्या."

"नियम तसा... प्रत्येकाच्या परिस्थितीनुसार..." तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. वर्गात पोरं पाठ न करता उभी राहतात, तसा.

"सुवर्णा, बस," तुळजाबाई म्हणाल्या.

त्यांनी काठी जमिनीवर आडवी ठेवली, जणू आता हात मोकळे लागणार होते. "हौसराव, ते सात नंबर माझ्यापायी लिवलंय. भागुबाईपायी न्हाई. माझं अंथरूण ओलं हुतं. झोपेत मला कळत न्हाई. सून धुती, आतल्या खोलीत वाळवती. मी जाऊ नये म्हणून तिनं ते लिवलं. मला वाचता येत न्हाई, पण मला कळतंय."

एका मोटारसायकलीचं इंजिन थंड होताना टकटक वाजत होतं.

सुवर्णाला बसताही येईना. झुंबरबाई तिच्याकडं बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्या नजरेत थट्टा नव्हती. त्यापेक्षा थट्टा बरी होती. तिला वाटलं होतं लाज डागाची वाटेल. डागाबद्दल आई चारचौघांत बोलून मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लाज सगळी तिच्याकडं राहिली होती, आणि त्या लाजेत आईंचं कणभरही काही नव्हतं.

"खरं आहे," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मग भागुबाईंकडं वळून, "मावशी, काल खाली बोलणं चाललं होतं तेव्हा मी ऐकलं, आणि गप्प राहिले. आज दारात पण."

भागुबाईंनी मान हलवली. माफ केल्याची नव्हे, ऐकल्याची.

हौसराव बोलायचं म्हणून बोलले. "बरं, मग प्रश्नच मिटला. काकी आणि भागुबाई, एक तिकीट. दोन्ही बायका, दोघी साठपुढच्या, कोटा लागतोय. भागुबाईंना सवयच हाय की. दवाखान्यात एवढी वर्षं काढली, काकींचं सगळं नीट बघतील."

"मी ड्युटी करून रिटायर झाले, हौसराव," भागुबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "निरोपाला नारळ पण दिला हुता. मी आता सारनाथला चाललीय, तिकीट काढून. कुणाचं अंथरूण बघायला न्हाई."

हौसरावांचा चेहरा पडला. "तसं न्हाई म्हणालो मी."

"तसंच म्हणाला तुम्ही."

तुळजाबाई भागुबाईंकडं वळल्या. "माझं मी करीन. पॅड लावायला येतंय मला. फकस्त झोप जड लागती. रातीत एकडाव हलवून उठवशील का? तेवढंच."

भागुबाईंनी विचार केला. खरोखर विचार केला, घाई केली नाही. "माझी मी उठतेच एकदा. तवा उठवीन. पण दोघींनी मिळून जायचं, एकीनं दार धरायचं एकीनं जायचं. माझ्या वेळी दार तुम्ही धरायचं. गाडी हलती."

"धरीन की. काठी हाय माझ्याकडं."

"आन् परत कुणी मला आया म्हणून हाक मारली डब्यात, तर मी उतरून दुसऱ्या डब्यात जाईन."

"मी पण यीन मग तुझ्यासंग," तुळजाबाई म्हणाल्या. कुणीतरी हसलं, आणि खुर्च्या हलल्या.

हौसरावांनी पाचवी जोडी लिहिली. झुंबरबाईंची जोडी सहावी होती. त्यांनी चष्मा पदरानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि मग कुणाकडंही न बघता विचारलं, "आप्पा, खोकताना थोडंसं होतं, ते पण सातमध्ये धरायचं का?"

घरी आल्यावर सुवर्णानं चहा टाकला. कप दिवाणापाशी ठेवला. "आई, मी येते तुमच्याबरोबर. रजा आहे माझी. गॅदरिंगचं... गॅदरिंगला मी नसले तरी चालतं."

"ठाऊक हाय मला."

"उद्या आप्पांना सांगते, एक तिकीट आणखी..."

"नको येऊस," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "तू आलीस तर सारा वेळ माझ्या पाठीमागं बघत बसशील, डाग पडला का म्हणून. मला खिडकीतनं बघायचंय."

सुवर्णा उभी राहिली.

"तू वाईट न्हाईस. वरीस झालं धुतीयास, एक शबुद न्हाई बोललीस," तुळजाबाई म्हणाल्या. "पर मला इचारायचं हुतंस. आई, तुमी गेल्या तर मला लाज वाटंल, एवढं म्हणायचं हुतंस. मी बसले असते घरी. आनंदानं न्हाई, पर बसले असते. तू कागदाला पुढं घातलंस."

सुवर्णानं मधल्या खोलीतली चादर काढली, ती वाळली होती. घडी न घालता तशीच बाल्कनीत नेली आणि तारेवर टाकली. समोर झुंबरबाईंची बाल्कनी होती, दिवा लागलेला. चादर वाळलेली होती, तिला उन्हाची गरज नव्हती, आणि आता ऊनही नव्हतं. हे केल्यानं काही होत नाही हे तिला कळत होतं. तरी तिनं चिमटे लावले.

मग लॅपटॉप उघडून बसली.

सोमवारी सकाळी हौसराव आरक्षणाच्या रांगेला गेले. सुवर्णा शिरूरच्या एसटीला निघताना नवा कागद घेऊन खाली आली. जुनी नोटीस काढली, टाचण्या तळहातात धरल्या. नवी लावली. मागं काठीचा आवाज आला. तुळजाबाई लिफ्टनं उतरून आल्या होत्या. तळमजल्याचं दार उघडं होतं. भागुबाई उंबऱ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या.

"काय लिवलंस ते वाच," तुळजाबाई म्हणाल्या.

सुवर्णानं घड्याळ बघितलं. गाडीला वेळ होता. ती वाचायला लागली. पहिले सहा मुद्दे होते तसेच होते. सातव्याला आपला आवाज खाली गेला हे तिच्याच लक्षात आलं.

"'वयानं लघवीवर ताबा कमी होणं हे बऱ्याच जणांना होतं. अशा सभासदांनी...'"

"मोठ्यानं वाच," तुळजाबाई म्हणाल्या. "भागुबाईला ऐकू जात न्हाई तितनं."

जिन्यावरून कुणीतरी उतरत होतं. दूधवाला फाटकात सायकल लावत होता. सुवर्णानं पिशवी खाली ठेवली, कागदाच्या जवळ गेली.

"'अशा सभासदांनी नाव जरूर द्यावं. सोबत पुरेसे पॅड, दोन जादा परकर किंवा पायजमे, आणि ओले कपडे ठेवायला प्लास्टिकची पिशवी घ्यावी. झोपण्याआधी एकदा जाऊन यावं. रात्री एकमेकांना उठवावं आणि दार धरावं. पॅड दौंडमध्ये स्टेशन रोडच्या औषधाच्या दुकानात मिळतात.'"

"आता ऐकू आलं," उंबऱ्यावरून भागुबाई म्हणाल्या, आणि पुढची जुडी सोडली.